आडवेळेचा राऊंड

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या गेटवर प्रसाद रात्री दोनला पोचला, तर खुर्ची रिकामी. एजन्सीचा हा नवा सुपरवायझर, वय चोवीस. थोड्या वेळानं वॉचमन भीमामामा गोदामामागून काठी टेकत आले.

"कुठं गेलता?"

"राऊंडला, साहेब."

"राऊंड बारा, तीन, सहाला. भिंतीवरचा कोड मोबाइलवर स्कॅन करायचा. तुमचा एकपण स्कॅन नाही."

"तीनची वेळ चोराला पण कळतंय की."

प्रसादनं वहीत शेरा मारला : जागेवर नाही. मामांनी मुकाट्यानं सही केली. एका बंद पडलेल्या गिरणीत जॉबर होते ते. मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला पोरगेलं कुणी असं लिहून देतं, तेव्हा ते लागतंच.

पुढच्या खेपेला प्रसाद त्यांच्याबरोबर फिरला. गोदामाशी आल्यावर मामांनी बॅटरी बंद केली.

"उजेडात उभं राहिलं की आपण दिसतो, समोरचा दिसत नाही."

मग ते नुसते ऐकत राहिले. शेजारच्या शेडमधले माग चालू होते, पलीकडं कुत्री भुंकत होती. "कुत्री एकदम गप्प झाली की मी उठतो," मामा म्हणाले. प्रसादला हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

"वेळ तुमची तुम्ही ठरवा," तो म्हणाला, "पण स्कॅन करा. उद्या कुणी बोट दाखवलं तर माझ्या हातात कागद पाहिजे."

मामांना ते पटलं नव्हतं. तरी करू लागले. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल लांब धरून.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत निम्मे कामगार सुट्टीवर होते. एका सकाळी गोदामात टॉवेलच्या चार गाठी कमी भरल्या. मॅनेजर म्हणाले, "रात्रीचा वॉचमन सामील असणार. बदलून द्या."

मान डोलावली असती तर एजन्सीचं काम सुखानं चालू राहिलं असतं. प्रसादनं स्कॅनची नोंद पुढं ठेवली. बारा दहा, एक पस्तीस, तीन पन्नास, चार वीस. प्रत्येक फेरीपुढं रजिस्टरात मामांच्या अक्षरात : सील शाबूत.

"आता संध्याकाळच्या टेम्पोचं चलन काढा," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण तो उठला नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामात फोन लावून गाठी मोजायला लावल्या. चलनापेक्षा चार जास्त निघाल्या. भरतानाच चुकून चढल्या होत्या.

"आता मामांना तुम्ही स्वतः सांगा," प्रसाद म्हणाला. मॅनेजरना गेटपर्यंत चालत यावं लागलं.

त्या रात्री प्रसाद चेकिंगला आला. मामांनी उठून सलाम केला, पण गेट काही उघडलं नाही.

"डिकी उघडा, साहेब."

"मामा, मी आहे!"

"तपासल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, तुमचीच ऑर्डर हाय. आणि रजिस्टरात गाडी नंबर लिवा, नीट अक्षरात."

प्रसाद गाडीवरून उतरला आणि डिकीची किल्ली काढली.