चोडण फेरीच्या उदाहरणाचे उत्तर तपासून

बाय,

तुझे उत्तर दोनदा वाचले. प्रश्नातले कल्पित आकडे असे: रायबंदर-चोडण फेरीच्या 400 प्रवाशांपैकी 232 जणांना पंधरा मिनिटांहून जास्त थांबावे लागते. म्हणजे नमुन्यातले प्रमाण 0.58. हो म्हणणारे 232 आणि नाही म्हणणारे 168, दोन्ही गट पुरेसे मोठे आहेत हे तू आधी तपासलेस. बरेच जण ही पायरी गाळतात, म्हणून तिचे गुण पूर्ण दिले.

```
SE = √(0.58 × 0.42 / 400) = 0.0247
ME = 1.96 × SE = 0.0484
```

कॉन्फिडन्स इंटरव्हल 53.2 ते 62.8 टक्के, हे बरोबर. पण त्याखाली तू मार्जिन ऑफ एरर 9.6 टक्के लिहिलेस. ती इंटरव्हलची पूर्ण रुंदी झाली. मार्जिन म्हणजे 58 पासून एका बाजूचे अंतर, 4.8 टक्के.

नमुन्याचा आकार: नवा सर्व्हे 3 टक्के मार्जिनने करायचा आहे आणि आधीचा अंदाज वापरायचा नाही असे प्रश्नात म्हटले आहे. म्हणून p = 0.5 घेणे योग्यच, कारण p(1−p) तिथे सर्वांत मोठे असते. 0.9604 / 0.0009 = 1067.1 आले आणि तू 1067 लिहिलेस. इथे नेहमी वरचाच पूर्णांक घ्यायचा: 1068. खाली घेतले तर मार्जिन किंचित 3 च्या वर जाते. समासातले «मार्जिन निम्मे हवे तर 800 माणसे» मात्र खोडून टाक. n वर्गमुळात आहे, त्यामुळे निम्म्या मार्जिनला चौपट माणसे लागतात, म्हणजे 1600.

आता अर्थ. माझ्या मते सगळ्या उत्तरात महत्त्वाचा भाग हाच. तू लिहिलेस: «खरे प्रमाण 53.2 ते 62.8 मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के आहे.» पुष्कळ छापील अहवालांतही असेच असते, तरी मी गुण कापले. संख्याशास्त्रज्ञ नेमान यांनी 1937 साली कॉन्फिडन्स इंटरव्हलची कल्पना मांडली, ती पद्धतीबद्दल होती. खरे प्रमाण एकच, ठरलेले. आपल्याला ते ठाऊक नाही इतकेच. नमुना बदलला की हलतात ती इंटरव्हलची टोके. एकदा 53.2 आणि 62.8 हे आकडे हाती आले, की खरे प्रमाण त्यांच्यात आहे किंवा नाही. तिथे शक्यता उरत नाही. असे लिही:

«याच पद्धतीने पुन्हा पुन्हा 400 प्रवाशांचे यादृच्छिक नमुने घेऊन दर वेळी इंटरव्हल काढला, तर त्यांतले सुमारे 95 टक्के इंटरव्हल खरे प्रमाण सामावून घेतील. आपल्या नमुन्याचा इंटरव्हल 53.2 ते 62.8 टक्के.»

थोडक्यात हवे असेल तर «95 टक्के विश्वासाने म्हणता येते की…» चालेल, पण «शक्यता» नको.

आणखी एक. सगळे 400 जण सकाळच्या ऑफिसच्या गर्दीतलेच असतील, तर हे 4.8 टक्के त्या चुकीबद्दल काहीच सांगत नाहीत. मार्जिनमध्ये फक्त नमुना निवडतानाचा योगायोग मोजलेला असतो. नमुना कसा घेतला, हे उत्तरात एका ओळीत लिहीत जा.

10 पैकी 6. अर्थाचा भाग नव्याने लिहून सोमवारच्या तासाला दाखव.