ताई-दाजींच्या लग्नाच्या २५व्या वाढदिवसाची उपकारस्तुती

आपण सगळे जागेवर उभे राहू या. ज्यांना उभं राहणं जड जातं त्यांनी बसूनच प्रार्थनेत सामील व्हावं. मी "दयाळू पित्या" म्हणून थांबलो, की सर्वांनी मिळून म्हणायचं, "आम्ही तुझे उपकार मानतो."

हे आमच्या स्वर्गातल्या बापा, ताई आणि दाजी आज तुझ्यासमोर उभे आहेत. त्यांच्या मागे त्यांची मुलं, दोन्हीकडचे नातेवाईक, मंडळीतले भाऊ-बहिणी, मित्रमैत्रिणी असे आम्ही सगळे उभे आहोत. मागण्या आमच्याजवळ आहेतच, पण त्या नंतर. आधी तुझे उपकार.

२००० साली या दोघांनी हातात हात घेऊन तुला वचन दिलं. सुखात, दुःखात, आजारपणात, गरिबीत एकमेकांना सोडणार नाही, असं म्हणाले. तरुण होते दोघं. आजारपण तेव्हा दुसऱ्यांच्या घरचं वाटत होतं. आपण नेमकं काय कबूल करतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक होतं. ते वचन पाळायला लागणारं बळ तू त्या दिवशी एकदम दिलं नाहीस. ज्या दिवशी जेवढं लागलं, तेवढं त्या दिवशी दिलंस. दयाळू पित्या,

आम्ही तुझे उपकार मानतो.

प्रभू, काना गावच्या लग्नाला तुझा पुत्र येशू गेला होता. योहानानं ती गोष्ट लिहून ठेवली आहे. तिथे द्राक्षारस सरला, आणि येशूनं चाकरांना सहा दगडी रांजण पाण्यानं भरायला सांगितलं. त्यांनी ते काठोकाठ भरले. पुढे त्याच पाण्याचा द्राक्षारस भोजनकारभाऱ्यानं चाखला, पण तो कुठून आला हे त्याला कळलं नाही. ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं, त्यांना मात्र ठाऊक होतं.

आज या जागेत असे पाणी भरणारे पुष्कळ बसले आहेत, देवा. त्यांच्यासाठी मला तुझे आभार मानायचे आहेत. दाजींचं काम सुटलं त्या वर्षी मुलांची फी ज्यांनी कुणाला न सांगता भरली, ते इथे आहेत. ताईच्या ऑपरेशनच्या वेळी जिनं धाकटीला महिनाभर आपल्या घरी ठेवलं, रोज वेण्या घालून शाळेत पाठवलं, ती शेजारीण इथे आहे. मंडळीतल्या ज्या आजी दर शुक्रवारी या दोघांचं नाव घेऊन प्रार्थना करतात, त्याही आल्या आहेत, काठी टेकत आल्या आहेत. लोक म्हणतात, या दोघांनी संसार छान केला. खरंच आहे. पण हे रांजण कुणी कुणी भरले ते तू पाहिलंस, आणि त्यातल्या पाण्याचं जे झालं ते तू केलंस. दयाळू पित्या,

आम्ही तुझे उपकार मानतो.

आमच्या आईसाठी तुझे आभार मानतो. पक्षाघातानंतर ती ताई-दाजींकडे राहिली, शेवटपर्यंत. तिला अंथरुणात वळता येत नव्हतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. दिवसा ताई करायची. रात्री दाजी गजर लावून उठायचे. एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि हलवण्याआधी दर वेळी सांगायचे, "आई, आता वळवतो हं." तिला ऐकू जातंय की नाही याची खात्री नसतानाही सांगायचे. मी त्या खोलीत झोपलो आहे, देवा, मी ते ऐकलं आहे. जावयाच्या हातून तू आमच्या आईची सेवा करवून घेतलीस. हे ऋण आमच्यानं फिटणारं नाही. तूच त्याचं फळ त्यांना दे. दयाळू पित्या,

आम्ही तुझे उपकार मानतो.

आणि बापा, त्यांच्या पहिल्या बाळाची आज आठवण करतो. ताईनं मला सांगितलं, "त्याला वगळून आभार मानू नकोस." तीन दिवसांचं आयुष्य होतं त्याचं. तू त्याला का नेलंस हे आम्हाला अजून समजलेलं नाही, आणि समजल्यासारखं दाखवून तुझ्यापुढे खोटं बोलणार नाही. त्या दुःखाबद्दल आभार मानायला आमची जीभ वळत नाही. पण त्या वर्षी हे दोघं बोलेनासे झाले होते, आपापल्या कोपऱ्यात रडत होते, तेव्हा तू त्यांना तुटू दिलं नाहीस. एके रविवारी दोघं पुन्हा एका बाकावर येऊन बसले. गाणं म्हणता येत नव्हतं, तरी गीतांचं पुस्तक दोघांनी मिळून धरलं होतं. त्याबद्दल आभार मानतो. बाळ तुझ्याजवळ आहे, या आशेबद्दल मानतो. त्यानंतर दिलेल्या दोन लेकरांबद्दल मानतो. ती आज एवढी मोठी होऊन आईबापांच्या शेजारी उभी आहेत. दयाळू पित्या,

आम्ही तुझे उपकार मानतो.

त्यांना क्षमा करायला शिकवलंस म्हणून तुझी स्तुती असो. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये, असं प्रेषित पौलानं लिहिलं आहे. या घरातही कधी सूर्य मावळला आणि राग राहिला. पण भांडणाच्या रात्रीसुद्धा दाजींनी ताईचा चष्मा पुसून तिच्या उशाशी ठेवला. आणि सकाळी तिनं तो डोळ्यांवर चढवला, की आधी त्यांच्या गोळ्या काढून दिल्या. शब्द सुचत नव्हते तेव्हा तू त्यांच्या हातांना काम दिलंस. दयाळू पित्या,

आम्ही तुझे उपकार मानतो.

आता मागणं मागतो, प्रभू. पुढचे दिवस तू मोजून ठेवले आहेस. दोघांना आरोग्य दे. ताईचे गुडघे आणि दाजींची साखर तुझ्या हाती देतो. मुलं शिकायला, कामाला दूर जातील आणि घरात पुन्हा दोघंच उरतील, तेव्हा त्यांना एकमेकांची सोबत गोड लागू दे. एकाची प्रकृती ढासळली तर दुसऱ्याला धीर दे, आणि त्या वेळी आम्हा पाठच्या भावंडांना दूर राहू देऊ नकोस. दाजींनी आमच्या आईचं केलं, तसं त्यांचं करायला आम्हाला तयार ठेव.

इथे काही जोडपी आहेत ज्यांचं नुकतंच लग्न झालं आहे, त्यांचा संसार उभा कर. काहींच्या घरात सध्या कुणी कुणाशी बोलत नाही, त्यांच्या घरात तू जा. जे आज जोडीदाराविना आले आहेत, ज्यांची जोडी तू मोडलीस किंवा माणसांनी मोडली, त्यांना या आनंदात एकटं वाटू देऊ नकोस, बापा. त्यांच्याजवळ तू बैस.

ताई, दाजी, आता एकमेकांचा हात धरा. मुलांनो, तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवा.

हे सर्वसमर्थ देवा, २५ वर्षांपूर्वी तू जोडलेले हे हात आम्ही पुन्हा तुझ्या हातात देतो. यांना आशीर्वाद दे. यांचं राखण कर. तुझ्या मुखाचा प्रकाश यांच्यावर पडू दे, यांना शांती दे. हे मागणं आमचा तारणारा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावानं मागतो, म्हणून ऐक.

आमेन.