मागची गॅलरी : शेक्सपिअरच्या बाल्कनी प्रवेशाचं मराठी रूपांतर

तालमीची प्रत. अंक दुसरा, प्रवेश दुसरा.

वाचनाआधी

'रोमिओ अँड ज्युलिएट' पहिल्यांदा छापलं गेलं 1597 मध्ये. जग ज्याला बाल्कनीचा प्रवेश म्हणतं त्याच्या मूळ संहितेत बाल्कनी हा शब्दच नाही, नुसती खिडकी आहे. म्हणून मी बिनधास्त तो लालबागच्या चाळीच्या मागच्या गॅलरीत आणला. व्हेरोनातल्या दोन घराण्यांचं वैर नेमकं कशावरून, हे शेक्सपिअर सांगत नाही. आपल्या प्रेक्षकाला मात्र ते कळायला हवं असं मला वाटतं. काळ 1982चा. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गणपती आले तरी तो मिटलेला नाही. विलासचे वडील संपात आहेत. सुमनचे काका पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर जातात. समोरासमोरच्या दोन चाळी, बोलणं बंद. सार्वजनिक गणपती तेवढा अजून एक.

ज्युलिएट मूळ नाटकात चौदाचीही नाही. आपली सुमन एकोणीस वर्षांची आहे, विलास बावीसचा. मूळ प्रवेश निर्यमक वृत्तात आहे, मी तो गद्यात आणलाय. वाक्यं मुद्दाम तोकडी ठेवली आहेत. ती जोडून, लांबवून म्हणू नका.

सुमनसाठी एवढंच : पहिल्या भाषणात तू त्याला शोधत नाहीयेस. तो तिथे आहे हे तुला माहीतच नाही. तू रागावलेली आहेस, तो नेमका त्या घरचा का निघाला म्हणून. एकटी असताना तू त्याला 'तू' म्हणतेस. तो समोर आल्यावर 'तुम्ही'वर जातेस. परत 'तू'वर कुठे येतेस ते संहितेत आहे, त्या जागी थांबू नकोस आणि हसूही नकोस. ते तिच्या नकळत होतं.

प्रवेश

*(गणेश चतुर्थी, रात्री आठचा सुमार. चाळीची मागची बाजू. पहिल्या मजल्याची गॅलरी, खाली नळ आणि धुण्याचा दगड. उजवीकडे गिरणीची उंच भिंत, वर काचा. पुढच्या अंगणातल्या मांडवातून आरतीच्या टाळांचा आवाज. विलास भिंतीवरून उतरून नळाआड उभा आहे, हाताला रुमाल गुंडाळलेला. गॅलरीचं दार उघडतं. निरांजन घेऊन सुमन येते.)*

विलास : *(स्वतःशी)* मागच्या गॅलरीत कधी दिवा नसतो. आज उजेड कसला? ... तीच. टेकली कठड्याला. हाक मारू? नको. ती माझ्याशी कुठे बोलतेय. ती कुणाशीच बोलत नाहीये. *(सुमन गालाला हात लावते.)* त्या हातातली बांगडी असतो ना मी, तर आत्ता तिच्या गालाला टेकून असतो.

सुमन : अगं आई गं...

विलास : बोलली! बोल, अजून बोल.

सुमन : विलास. विलास परब. कशाला झालास तू परब? अख्ख्या लालबागमध्ये दुसरं घर मिळालं नाही तुला जन्माला यायला? सांग तुझ्या बापाला, मी तुमचा कुणी नाही म्हणून. टाकून दे ते आडनाव. ... नाहीतर राहू दे. तू परबच राहा. नुसतं एकदा म्हण की मी तुझी आहे, मीच शेलार राहणार नाही. बायकांना तेवढी सोय आहेच, आडनाव बदलायची.

विलास : *(स्वतःशी)* ऐकत राहू, की बोलू?

सुमन : काय असतं परब म्हणजे? हात नाही, पाय नाही, तोंड नाही. सकाळी मूर्ती उचलताना माझ्या हातावर हात आला, तो काय परबांचा होता? तो तुझा होता. गरम होता. *(केसातला सोनचाफा काढते.)* याला उद्यापासून सगळ्यांनी धोतरा म्हटलं तर याचा वास जाणार आहे? आडनाव काढून ठेव विलास, चपला बाहेर काढतो तसं. आणि मग घे मला. सगळीच्या सगळी.

विलास : *(पुढे येत)* काढलं!

सुमन : *(निरांजनावर हात धरून)* कोण आहे? कोण आहे तिकडे?

विलास : नाव विचारू नकोस. तुला न आवडणारं आहे. तूच दुसरं ठेव, इथेच बारसं कर माझं.

सुमन : *(थांबून)* आवाज ... सकाळी चार शब्द बोललात तुम्ही माझ्याशी. 'सांभाळून, डावीकडे घ्या.' तोच आवाज. परबांचे ना तुम्ही?

विलास : तू म्हणशील तर नाही.

सुमन : आलात कसे? पुढच्या दाराशी बाळादादा बसलाय.

विलास : भिंतीवरून.

सुमन : काचा आहेत भिंतीवर!

विलास : आहेत.

सुमन : हाताला काय झालं?

विलास : काही नाही. इकडे यायचं म्हटल्यावर भिंत कुठे होती तेच कळलं नाही.

सुमन : कळेल! दादाने बघितलं ना, तर इथल्या इथे तंगडी मोडेल. काकांच्या डोक्यात दगड घातला परवा कुणीतरी. तुमच्याच चाळीतल्या पोरांवर संशय आहे त्याचा.

विलास : मी नव्हतो.

सुमन : मला माहितीये. त्याला नाही माहिती.

विलास : तो आणि त्याचे वीस जण येऊ देत. मला त्यांची भीती नाही. तू आत्ता तोंड फिरवून आत गेलीस तर मात्र मेलो.

सुमन : इथली वाट कुणी दाखवली?

विलास : कुणी नाही. तू विजयदुर्गाला असतीस तरी आलो असतो. भाऊच्या धक्क्यावर बोट धरून.

सुमन : पावसाळ्यात बोट बंद असते.

विलास : पोहत आलो असतो.

*(ती हसते. लगेच तोंडावर हात. आरतीचा आवाज चढतो.)*

सुमन : अंधार आहे म्हणून बरं. नाहीतर माझं तोंड बघून कळलं असतं तुम्हाला. ते सगळं ... तुम्ही ऐकलंत ना मघाशी?

विलास : हो.

सुमन : कुठपासून?

विलास : 'आई गं'पासून.

सुमन : देवा! मग आता काय लपवू? रीतीप्रमाणे मी नाही नाही म्हणायला हवं होतं. चार दिवस ओळख न दाखवता जायला हवं होतं. तसं हवं असेल तर सांग, मी आत्ता कपाळाला आठ्या घालते, तू मला मनव. पण मला जमत नाही रे नाटक. चटकन हो म्हणाली म्हणून मला हलकी समजू नकोस. ज्या लाजून मुरडून दाखवतात ना, त्यांच्यापेक्षा मी जास्त खरी राहीन. ... खरं सांग. आवडते मी तुला? तू हो म्हणशील आणि मी विश्वास ठेवीन, एवढी कच्ची आहे मी. म्हणून खरं सांग.

विलास : सुमन, त्या चिमणीच्या मागे ती चंद्राची कोर आहे, तिची शपथ...

सुमन : बघू नकोस! *(स्वतःच्या डोळ्यांवर हात घेते.)* आज चतुर्थी. आज चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो. आणि कुणाची शपथ घेतोस? तो रोज वेगळा. आज कोर, पंधरवड्यात वाटोळा, मग अवसेला गायब. तसलं काही नको मला.

विलास : मग कुणाची घेऊ?

सुमन : कुणाचीच नको. फार वाटलं तर स्वतःची घे. तुला मी मानते.

विलास : माझ्या मनातलं जर...

सुमन : नको, नको बोलूस. तू आलास याचा आनंद आहे मला, पण या रात्रीचा नाही. फार पटकन होतंय रे. वीज चमकली म्हणेपर्यंत गेलेली असते. आज इतकंच असू दे. कळी आहे. पुढच्या भेटीपर्यंत उमलली तर उमलली. झोप शांतपणे. मीही झोपते.

विलास : अशी रिकाम्या हाताने पाठवणार?

सुमन : *(सावध होऊन)* काय हवंय?

विलास : तुझा शब्द. मी देतो, तू दे.

सुमन : तू मागायच्या आधीच दिलाय मी. परत घ्यावासा वाटतो.

विलास : परत? का?

सुमन : पुन्हा द्यायला. समुद्र असतो ना, उपसला तरी उपसत नाही, तसं झालंय. जितकं देते तितकं माझ्याकडे उरतंच आहे.

मावशी : *(आतून)* सुमे! प्रसाद कोण वाटणार?

सुमन : आले गं मावशी! *(विलासला)* थांब. जाऊ नकोस. आलेच. *(आत जाते.)*

विलास : रात्र आहे, म्हणून भीती वाटते. स्वप्न असेल हे. स्वप्नाशिवाय इतकं चांगलं मला कधी काही मिळालेलं नाही.

*(सुमन घाईने परत येते.)*

सुमन : तीनच शब्द, मग खरंच जा. तुझ्या मनात लग्न असेल तर उद्या निरोप दे. कुठे, कधी, कुणासमोर. मी माझं सगळं उचलून तुझ्यामागे येईन, संप मिटो न मिटो...

मावशी : सुमे!

सुमन : आले! ... आणि तसं नसेल तर पाया पडते, मला माझ्या रडण्यावर सोडून दे. पुन्हा भिंत चढू नकोस.

विलास : देवाशप्पथ सुमन...

मावशी : अगं मेले, आरती संपली!

सुमन : आले, आले, आले! *(जाते. विलास भिंतीकडे वळतो. ती पुन्हा येते. कुजबुजत)* विलास! ए विलास! ... मोठ्याने हाकही मारता येत नाही. भिंतीला कान आहेत आमच्या.

विलास : बोल.

सुमन : निरोपाला माणूस किती वाजता पाठवू?

विलास : नऊला. भोंगा झाला की.

सुमन : भोंगा बंद आहे आपला.

विलास : *(क्षणभर गप्प)* विसरलो. जानेवारीपासून बंद आहे आणि अजून कान तिकडेच असतात. घड्याळाच्या नऊला.

सुमन : मावशी दळण टाकायला जाते, तिला सांगते. नऊ! वीस वर्षं आहेत मध्ये. ... मी परत का हाक मारली तुला?

विलास : आठवेपर्यंत उभा राहतो.

सुमन : मग मी विसरतच राहीन.

विलास : मग मी उभाच राहीन. मला दुसरं घर आहे हेही विसरतो.

सुमन : जा रे आता. नको, जाऊ नकोस. पोरं पतंग सोडतात ना, दूर जाऊ देतात आणि मग मांजा ओढून घेतात, तसं तुझं करावंसं वाटतंय.

विलास : ओढ की.

सुमन : ओढून ओढून मांजा तुटायचा. *(सोनचाफा खाली टाकते. तो झेलतो.)* जाते मी.

विलास : जाते म्हणू नये.

सुमन : येते.

विलास : ये.

सुमन : येते. ... येते म्हणत म्हणत उजाडेल इथेच.

बाळा : *(पुढच्या बाजूने, मोठ्याने)* मागे कोण आहे रे?

*(सुमन निरांजन फुंकते आणि आत जाते. दार लागतं.)*

विलास : *(चाफा खिशात घालत, भिंतीवर चढता चढता)* रात्रशाळेचे मास्तर. अजून जागे असतील. दोन्ही चाळींत त्यांचा शब्द पडत नाही. आत्ताच गाठतो त्यांना.

*(भिंतीपलीकडे उडी टाकतो. बॅटरीचा झोत नळावर पडतो. बाळा येतो, धुण्याच्या दगडावरचा रक्ताचा डाग बोटाने पुसून बघतो आणि वर गॅलरीकडे मान वळवतो. अंधार.)*