प्रश्न ४ (१५ गुण): ब्रँड इक्विटीचे घटक स्पष्ट करा. निष्काळजीपणे केलेल्या ब्रँड विस्तारामुळे ते कसे क्षीण होतात, ते उदाहरणासह लिहा.

उत्तर:

तोच माल, तीच गुणवत्ता, पण पाकिटावर नाव आहे म्हणून ग्राहक जे वेगळे वागतो, ती ब्रँड इक्विटी. विपणनाचे अभ्यासक केलर यांनी १९९३ मध्ये ग्राहकाच्या बाजूने केलेल्या मांडणीचा हाच गाभा आहे. ब्रँडविषयी ग्राहकाच्या डोक्यात जे साठले आहे, त्यामुळे त्याच्या प्रतिसादात पडणारा फरक म्हणजे इक्विटी. याच विषयाचे अभ्यासक आकर यांनी १९९१ मध्ये तिचे पाच घटक सांगितले : ब्रँड निष्ठा, ब्रँड जाणीव, जाणवणारी गुणवत्ता, ब्रँडशी जोडलेले अर्थ म्हणजे साहचर्य, आणि ट्रेडमार्क, पेटंट, वितरण साखळीतील संबंध अशी इतर मालमत्ता.

उदाहरणासाठी लातूरची एक तूरडाळ गिरणी घेऊ. नांदेड, परभणी, बीडचे किराणा दुकानदार तिचा माल नावाने मागवतात. समजा साधी डाळ १३० रुपये किलो आहे आणि या नावाची १४२ ला जाते. वरचे १२ रुपये ही इक्विटीची सर्वांत सोपी मोजणी. वर्षाला ४०० टन विक्री असेल, तर नावाची कमाई ४८ लाख रुपये होते. ती कुठून येते? नाव ऐकलेले असते, ही जाणीव. डाळ निवडावी लागणार नाही, हा गुणवत्तेचा विश्वास. ‘खडा नाही, एका शिट्टीत गळते, वरणाला चव येते’ ही साहचर्ये. आणि माल संपला तरी दुसरी डाळ न घेता गिऱ्हाईक दोन दिवस थांबते, ही निष्ठा.

आता गिरणीने ब्रँड विस्तार केला, म्हणजे त्याच नावाने धुण्याची पावडर काढली. माल बाहेरच्या कंत्राटदाराकडून, पाकीट त्याच पिवळ्या रंगाचे, आणि साठवण डाळीच्याच गोदामात. पहिल्या तीन महिन्यांत खप चांगला होतो, कारण जाणीव तयारच असते. सर्वेक्षणात नाव ओळखणारे उलट वाढतात. निष्काळजी विस्ताराचा खरा धोका इथेच आहे : ओळख वाढत असताना अर्थ विरत जातो, आणि फक्त ओळख मोजणाऱ्या व्यवस्थापकाला तो विरताना दिसत नाही.

सर्वांत आधी साहचर्य बिघडते. ‘हे नाव म्हणजे चांगली डाळ’ याऐवजी ‘हे लोक सगळेच विकतात’ असे होते. डाळीच्या पोत्याला साबणाचा वास लागला, तर जाणवणारी गुणवत्ताही घसरते. मग दुकानदार भाव पाडून मागतो. १२ रुपयांचे ७ झाले, तर ४८ लाखांचे २८ लाख उरतात. पावडरीने ९ लाख नफा दिला तरी ११ लाखांचा निव्वळ तोटा, आणि पावडरीच्या ताळेबंदात तो कुठेच दिसत नाही. कायद्याचीही बाजू आहे : ट्रेडमार्क नोंदणी वस्तूंच्या वर्गानुसार होते. डिटर्जंट वर्ग ३ मध्ये येतो, त्यामुळे डाळीसाठी केलेली नोंदणी त्याला आपोआप लागू होत नाही.

मात्र विस्तार जितका दूरचा तितके नुकसान मोठे, असा सरसकट नियम नाही, आणि उत्तरपत्रिकांत बहुधा हीच चूक होते. केलर आणि सूद यांनी २००३ मध्ये दाखवले की मूळ ब्रँडला झळ बसण्यासाठी नव्या वस्तूचा अनुभव ठळक, मूळ ब्रँडबद्दल काही सांगणारा आणि आधीच्या समजुतीशी विसंगत असावा लागतो. म्हणून गिरणीच्या बेसनात वाटाण्याच्या पिठाची भेसळ सापडली, तर वाईट पावडरीपेक्षा घाव खोल बसतो. बेसन डाळीचेच असते; ग्राहक लगेच डाळीवर संशय घेतो. पावडर फक्त निकृष्ट निघाली, तर ‘ते त्यांचे काम नव्हे’ म्हणून तो ती बाजूला ठेवू शकतो. पण वास डाळीपर्यंत पोहोचला की ही पळवाट बंद होते.

नव्या वस्तूचा मूळ नावाशी ‘साजेसेपणा’ म्हणजे काय, हे बिक या फ्रेंच कंपनीवरून कळते. पेन, १९७३ चा लायटर, १९७५ चा रेझर : तिन्ही स्वस्त, साध्या, वापरून फेकण्याच्या वस्तू. वर्ग वेगळे, पण अर्थ एकच, म्हणून विस्तार चालले. १९८९ मध्ये त्याच नावाने स्वस्त अत्तर आणले, ते अपयशी ठरले. अत्तराकडून ग्राहक ऐट आणि नाजूकपणा मागतो. बिकच्या नावात ते नव्हते.

गिरणीसाठी योग्य क्रम असा : आधी ४०–५० नियमित गिऱ्हाइकांना नाव ऐकून काय आठवते ते विचारायचे. त्यातले कोणते साहचर्य नव्या वस्तूला उपयोगी आणि कोणते अडचणीचे, ते वेगळे करायचे. हरभरा डाळ किंवा बेसन असेल तर तेच नाव चालेल, पण दळण, चाळणी आणि तपासणी स्वतःच्या ताब्यात हवी. पावडरच काढायची असेल, तर वेगळे नाव, वेगळे गोदाम. आणि विस्तारानंतर किमान वर्षभर नव्या मालाच्या खपाबरोबर जुन्या डाळीचा किलोमागचा जादा भाव दर महिन्याला नोंदवायचा. तो सलग दोन-तीन महिने उतरला, तर नव्या मालाचा खप चांगला असतानाही त्यावरचे नाव काढून घ्यायचे.