ओवीच्या झोपेची गोष्ट

आबांनी चिखलदऱ्याच्या सहलीचं टाइमटेबल कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं होतं. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. सात वाजता गावातून सुटायचं, आठला परतवाडा, साडेनऊला भीमकुंड, अकराला गाविलगड, जेवण, पंचबोल, देवी पॉइंट, आणि अंधाराआधी घाट खाली. दिवाळीला नागपूरहून आलेल्या आत्याने आणि तिच्या यशने ते मान्य केलं होतं. सव्वा वर्षाच्या ओवीला कोणी विचारलं नव्हतं.

सात वाजता ओवी गाढ झोपेत होती.

"थंडी लय हाय," बूट घालून ओट्यावर बसलेले आबा म्हणाले. "जरा ऊन पडू द्या." गजूभाऊने बोलेरो पुसली, मग परत पुसली. पोरीमुळे उशीर होतोय, असं कोणीच म्हणालं नाही. आजी पानमळ्यावर एक चक्कर मारून आली, आत्याला अचानक आणखी एक चहा हवासा वाटला. निघाले तेव्हा साडेआठ झाले होते.

धामणगाव गढी मागे पडलं, घाटाची वळणं लागली आणि वैशालीच्या मांडीवर ओवीचे डोळे मिटले. गाडीत झोपणाऱ्या लेकराचं एक असतं, इंजिन चालू आहे तोवरच ते झोपतं. भीमकुंडाशी गजूभाऊने गाडी बाजूला घेऊन किल्ली फिरवली, तशी ओवीची पापणी हलली.

"चालू ठेव रे, चालू ठेव!" आजी दबक्या आवाजात ओरडली.

मग आबांनी खेपा लावल्या. पहिल्या खेपेला आत्या आणि यश उतरले, गाडी पुढे जाऊन वळून आली, ते चढले, दुसऱ्या खेपेला आजी आणि प्रशांत. कीचकाला मारून भीमाने इथंच हात धुतले, ही गोष्ट आबांनी प्रत्येक खेपेला खिडकीतून, कुजबुजत सांगितली. सवयीने टपावर दोन थापा मारायला त्यांचा हात वर गेला होता, तो सुनेने हवेतच धरला.

गाविलगडावर मात्र ओवी जागी होती, त्यामुळे गड नीट पाहून झाला. दरवाजे, तलाव, वाळलेलं कंबरभर गवत, सगळं. अडगावची लढाई जिंकून इंग्रज इकडे चढले आणि १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला, हे आबांनी मोठ्या आवाजात सांगून घेतलं. सकाळपासून साठलेला आवाज होता तो. ओवीने एक दगड उचलून आजोबांना दिला, मग दुसरा. आबांचे दोन्ही खिसे जड झाले तेव्हा कुठे डब्यातली खिचडी निघाली.

आणि खिचडी खाल्ली की झोप आलीच.

पंचबोलला पोचले तेव्हा ती आबांच्या खांद्यावर होती. इथं दरीत हाक मारली की ती पाच वेळा परत येते, म्हणून तर नाव पंचबोल. यश त्यासाठीच आला होता, मोबाइलवर रेकॉर्डिंगसुद्धा लावून तयार होता. त्याने तोंडाभोवती हात धरले.

आबांनी नुसतं पाहिलं. हात खाली आले.

तेवढ्यात मिनीबसमधून उतरलेल्या पोरांनी कठड्याला टेकून एकदम गलका केला. आबा तरातरा त्यांच्याकडे गेले. "भाऊ, जरा दमानं. इथं मोठ्यानं बोललं की मोहोळ उठते."

पोरांनी वर पाहिलं. मोहोळ कुठंच नव्हतं. पण त्यांच्यातल्या एका बाईला खांद्यावरचं टोपरं दिसलं आणि ती म्हणाली, "अरे, लेकरू निजलं त्यायचं. चूप ऱ्हा ना बे." मग दोन्ही कुटुंबं रांगेत उभी राहून दरी पाहत बसली. यशच्या रेकॉर्डिंगमध्ये वारा आहे, आणि शेवटी आबांची एक शिंक, जी त्यांनी उपरण्यात दाबली.

देवी पॉइंट राहिला. आबांचा गुडघा दुखायला लागला होता म्हणे. पोरीला उचलून तासभर उभं राहताना तो दुखत नव्हता.

उतरताना ओवी टक्क जागी, बाकी सगळे पेंगलेले. परतवाड्यात चहाला थांबले तेव्हा आत्याने विचारलं, "मग मुक्तागिरी परवा? पायऱ्या आहेत, पहाटेच निघू या."

"पहाटे नोको," आबा म्हणाले. त्यांनी वैशालीकडे पाहिलं. तिने बशीवरून बोटांनीच दाखवलं, अकरा ते बारा. "बाराच्या पुढं चढू पायऱ्या. दुपारी तिथं ऊन कमी असते."

यशने तोंड उघडलं, तेवढ्यात आजीने त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

"हो, झाडं आहेत ना," आत्या म्हणाली.