विक्री व उत्पादन नियोजन बैठकीचे इतिवृत्त : फेब्रुवारी ते एप्रिल २०२६

दि. १२ जानेवारी २०२६, सकाळी ११. कूलर कारखाना, हिंगणा एमआयडीसी, नागपूर.
उपस्थित : विक्री, उत्पादन, खरेदी, भांडार व लेखा विभागप्रमुख. अध्यक्ष : प्रकल्प व्यवस्थापक.

मागणी : फेब्रुवारी ६,०००, मार्च ११,०००, एप्रिल १४,००० नग. विक्री विभागाने एप्रिलसाठी १६,००० मागितले होते. मात्र वरचे २,००० तोंडी बोलीवर आहेत, विक्रेत्यांचा आगाऊ एक रुपयाही आलेला नाही. म्हणून ते धरले नाहीत. ऊन लवकर तापले तर फेब्रुवारीच्या बैठकीत फेरविचार.

क्षमता : जुळणी विभाग रोज ५२० नग काढू शकतो. अडते ते पावडर कोटिंगच्या भट्टीपाशी. दोन पाळ्यांत ४०० बॉडीच निघतात. साखळीचा वेग वाढवला की कोपऱ्यांवर रंग कच्चा राहतो, आणि तिथूनच गंज धरतो. वेग वाढवायचा नाही, यावर उत्पादनप्रमुख ठाम राहिले व ते योग्यच आहे. गोदामात ४,५०० नगच मावतात.

मंजूर योजना : १ फेब्रुवारीपासून दोन पाळ्या. आरंभीचा साठा १,५००.
फेब्रुवारी (२४ दिवस) : ९,६००; अखेरचा साठा ५,१००. न मावणारे ६०० नग अकोला व चंद्रपूरच्या विक्रेत्यांकडे महिनाअखेरीआधी पाठवावेत, बिल मार्चमध्ये.
मार्च (धुळवड, पाडवा वगळून २४ दिवस) : ९,६००, साठा ३,७००.
एप्रिल (१४ तारखेची सुट्टी वगळून २५ दिवस) : १०,०००. तरी ३०० कमी पडतात, म्हणून एक रविवार काम. कामगारांना बदली सुट्टी.

पंप व मोटारींची ऑर्डर खरेदी विभागाने १६ जानेवारीपर्यंत द्यावी.

पुढील बैठक : ९ फेब्रुवारी.