विषय: ब्लोहोल निघाला, मशिनिंगचे पैसे कुणाचे? तुमच्या पॉडकास्टसाठी एका भागाचा प्रस्ताव

प्रसादजी, नमस्कार.

मी वैशाली. बेळगावात उद्यमबागला आमचं घरचं मशीन शॉप आहे. हायड्रोलिक पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडी आम्ही जॉबवर्कवर मशिनिंग करून देतो. मशीनवर भाऊ बघतो. प्लॅनिंग, इन्स्पेक्शन आणि गिऱ्हाइकाशी भांडण ही खाती माझ्याकडं आहेत.

ग्रीन सँडमधल्या ओलाव्यावरचा तुमचा भाग आमच्याकडं सेटरपासून सगळ्यांनी ऐकला. त्यात एक फौंड्रीवाले म्हणाले, "आमच्याकडून माल जाताना चांगलाच होता." तुम्ही हसून पुढं गेलात. मला त्या वाक्यापाशीच थांबायचं आहे, आणि त्यासाठी पाहुणी म्हणून बोलवाल का, एवढं विचारायला हा मेल लिहितेय.

ते फौंड्रीवाले खोटं बोलत नव्हते. ब्लोहोल कातडीखाली असतो. शॉटब्लास्ट झालेली बॉडी वरून चकचकीत दिसते आणि बोअरचा शेवटचा कट घेताना भोक उघडं पडतं. तोवर तिच्यावर फेसिंग, ड्रिलिंग, टॅपिंग सगळं होऊन गेलेलं असतं. मग नगावर रंग मारायचा, सीआर की एमआर लिहायचं आणि फोन सुरू करायचे. कास्टिंग रिजेक्शन लिहिलं तर फौंड्रीवाला चिडतो, मशिनिंग रिजेक्शन लिहिलं तर आमचा खिसा जातो.

तुमच्या ऐकणाऱ्यांत शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलचे फौंड्रीवाले आहेत आणि इचलकरंजी-सांगलीपासून पुण्यापर्यंतचे मशीन शॉपवालेही आहेत. हे दोन्ही गट तुमच्याकडं आजवर आले ते वेगवेगळ्या भागांत, आपापली बाजू घेऊन. त्यांच्यामधल्या त्या डेबिट नोटवर मात्र अजून कुणी बोललेलं नाही. मला वाटतं आपल्याकडच्या छोट्या शॉपचा नफा गळतो तो तिथंच.

हिशेब मांडते. आकडे समजण्यापुरते गोल घेतलेत. बॉडी 18 किलोची, कास्टिंग 90 रुपये किलो, म्हणजे 1,620 रुपये. मशिनिंगचे 650. शंभर नगांत चार ब्लोहोलमध्ये गेले. फौंड्री नगामागं 1,620 ची क्रेडिट नोट देते आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतात. पण चार नगांवरचं 2,600 रुपयांचं मशिनिंग कुणी दिलं? ते उरलेल्या 96 नगांवर बसलं, नगामागं 27 रुपये. शॉपला नगामागं 60 रुपये सुटत असतील तर जवळजवळ निम्मे तिथंच गेले. आता समजा बोअरचं रफिंग अगदी पहिल्या सेटिंगला घेतलं. 150 रुपयांच्या कामातच भोक दिसलं, तर चार नगांचे 600 जातात, नगामागं सव्वासहा रुपये. फौंड्री तीच, रिजेक्शन तेवढंच, बदलला तो फक्त कामाचा क्रम.

भागाचा कणा हा आहे. भोक निघणार हे गृहीत धरायचं आणि ते लवकर निघेल अशी मांडणी करायची. प्रोसेस शीट बनवणारा हे सहसा बघत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर क्लॅम्पिंग आणि सायकल टाइम असतो. ते चूक नाही. पण कुठल्या फेसवर भोक निघतं हे फक्त ऑपरेटरला माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडं प्रत्येक पार्टच्या ड्रॉइंगवर भोक निघालेल्या जागी लाल ठिपका मारतात. ठिपके एका जागी दाटले की तो कागद घेऊन फौंड्रीत जायचं. तिथं मग "तुमचा माल खराब" असं म्हणायची वेळच येत नाही, कागद पुढं केला की पॅटर्नवाला आपणच रायझर कुठं हवा, कोअरचा गॅस कुठून बाहेर काढायचा यावर बोलायला लागतो.

दुसरा भाग कागदांचा, आणि इथं आमचं सीमेवर असणं तुमच्या ऐकणाऱ्यांच्या कामाला येईल. आमच्या एका नेहमीच्या कामात गिऱ्हाईक पुण्याचं, फौंड्री कोल्हापूरची आणि मशिनिंग बेळगावचं. फौंड्रीचं बिल पुण्याला जातं, कास्टिंगचा टेम्पो मात्र कोगनोळी ओलांडून थेट आमच्या दारात येतो. भोक निघालं की तिघांतला प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडं बोट दाखवतो, आणि आमचा फौंड्रीशी तर कागदोपत्री व्यवहारच नाही! अशा कामात चार गोष्टी सगळ्यांनी माहीत करून घ्यायला हव्यात, असं मला वाटतं.

राज्याबाहेर जॉबवर्कला माल पाठवताना ई-वे बिलाला 50,000 ची मर्यादा लागू नाही. एक नग सॅम्पल असलं तरी बिल काढावं लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात काम देणाऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि मग सॅम्पल एसटीच्या पार्सलनं पाठवू का, असे फोन येतात.

जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत यायला हवा किंवा तिथून पुढं विकला जायला हवा. माल थेट आमच्याकडं उतरला असेल तर तो पोचल्या दिवसापासून वर्ष मोजायचं. तसं झालं नाही तर तो जॉबवर्करला विकला असं कायदा धरतो, आणि कर व्याजासकट भरावा लागतो. आता कुठल्याही शॉपच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बघा. सीआर की एमआर याचा निकाल लागला नाही म्हणून पडून असलेल्या बॉडींचा ढीग असतो. भांडण नगाला हजार-दोन हजारांचं, पण वर्ष उलटलं की त्यात कराची भानगड शिरते. जिग आणि फिक्स्चरला ही मुदत नाही हेही सांगायला हवं, कारण त्या भीतीनं काही जण फिक्स्चर वर्षाला नाचवत बसतात.

तिसरी गोष्ट डेबिट नोटची. गिऱ्हाइकानं फाडलेल्या डेबिट नोटनं जीएसटी कमी होत नाही. कर कमी करायचा तर माल देणाऱ्यानं क्रेडिट नोट काढून ती रिटर्नमध्ये दाखवावी लागते, तीही आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या 30 नोव्हेंबरच्या आत. दिवाळीनंतर सगळे अकाउंटंट एकदम जागे होतात ते यामुळंच.

चौथी फौंड्रीवाल्यांच्या बाजूची आहे, म्हणून आवर्जून सांगायची आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो मिळाल्या दिवशीच स्वीकारला असं धरतात आणि पैशांची मुदत तिथून धावायला लागते. करार असला तरी ती 45 दिवसांपलीकडं नेता येत नाही. म्हणजे तीन महिने कास्टिंग रॅकवर ठेवून मग मशीनवर घ्यायचं आणि भोक निघालं म्हणून जुनं बिल अडवायचं, ही सवय मशीन शॉपवाल्यांनी सोडायला हवी. मी स्वतः मशीन शॉपची असून हे बोलणार, त्यामुळं भाग एकतर्फी होणार नाही. करातले बारकावे विचारलेत तर मात्र मी सीएंकडं बोट दाखवीन. कागद रोज हाताळणारी म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे, तेवढंच बोलेन.

ऐकणाऱ्याच्या हातात काय पडेल? ऑर्डर घेतानाच मेलवर लिहून घ्यायच्या पाच ओळी मी वाचून दाखवीन: किती टक्क्यांपर्यंत रिजेक्शन धरून चालायचं, त्यापुढच्या नगांचं मशिनिंग कोण देणार, कुठल्या ऑपरेशनपर्यंतचे पैसे धरायचे, हीट नंबर आणि फोटो किती दिवसांत पाठवायचे, आणि नाकारलेले नग कुणाच्या भाड्यानं परत जाणार. वकिलाची गरज नाही. भाषा साधी आहे, कॉपी करून वापरता येईल. भागाखाली द्यायला तो मजकूर आणि ठिपक्यांच्या ड्रॉइंगचा एक नमुना सोबत जोडलाय. नमुन्यातलं गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर काढून टाकलेत.

जाहिरात करणार नाही. आमच्या शॉपचं नाव तुम्ही ओळख करून देताना एकदा आलं तरी पुरे. कुठल्याही फौंड्रीचं किंवा गिऱ्हाइकाचं नाव मी घेणार नाही, तुम्ही खोदून विचारलंत तरीही. ही माणसं उद्या परत भेटणार असतात.

एक सुचवू का? माझ्यासोबत एखादा फौंड्रीवाला समोर बसवा. तो 'माल जाताना चांगलाच होता' म्हणणारा पाहुणा पुन्हा यायला तयार असेल तर फारच छान. वाद होईल, पण तो ऐकण्यासारखा होईल, आणि मला एकटीला तासभर बोलू देण्यापेक्षा बरा. दोघांचं जमत नसेल तर मी एकटी 30-35 मिनिटांत हा विषय नीट संपवू शकते.

माझं बोलणं कसं आहे याचा अंदाज यावा म्हणून तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवतेय, त्यात सव्वासहा रुपयांचा हिशेब सांगितलाय. मराठी आमची बेळगावची आहे, मध्येच कानडी शब्द येतो. शॉपमध्ये निम्मी पोरं कानडी बोलतात, त्याला इलाज नाही. तुमच्या कोल्हापूरच्या ऐकणाऱ्यांना ते नवं नसावं.

रेकॉर्डिंगला मी कोल्हापूरला येईन. फौंड्रीत दर पंधरवड्याला एक फेरी असतेच, त्या दिवशी दुपारनंतर मोकळी असते. ऑनलाइन करायचं असेल तर रविवार ठेवा, बाकीच्या दिवशी मागं कॉम्प्रेसर चालू असतो आणि तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो. भाग आला की उद्यमबाग आणि मच्छेच्या शॉपवाल्यांच्या ग्रुपांवर मी तो टाकीन. तुमचे बेळगावकडचे ऐकणारे त्यानं वाढतील असं वाटतं, कारण हे भांडण तिथं रोजचं आहे.

विषय जमतोय की नाही एवढं याच मेलवर कळवा. पूर्ण भागाला जागा नसेल तर कामाच्या क्रमाचा तेवढा तुकडा दहा मिनिटांत सांगते. कागदांचं पुढं कधीतरी बघू.

आपली,
वैशाली
उद्यमबाग, बेळगाव

सोबत: ऑर्डरच्या पाच ओळींचा मजकूर, ठिपक्यांच्या ड्रॉइंगचा नमुना, आवाजाचं रेकॉर्डिंग